दोन बोटं आणि कंट्रोलचं बटण

मागच्या वेळी गटाच्या हिशोबाची वही कशी लिहायची ते आपण बोललो होतो. तेव्हा बऱ्याच जणींनी निरोप पाठवला की आमच्या गटाला किंवा ग्रामसंघाला लॅपटॉप मिळालाय, पण तो कपाटातच आहे. मोबाईल चालतो, लॅपटॉपवर हात बसत नाही. आमचंही अगदी असंच होतं. म्हणून आज त्याबद्दलच सांगतो.

आधी एक सांगून ठेवतो. आमचा लॅपटॉप विंडोज असलेला आहे आणि हिशोब आम्ही एक्सेलमध्ये ठेवतो. त्यामुळे आज जे सांगू ते विंडोज आणि एक्सेलचं. कागद-पेन घेऊन बसलात तर बरं होईल, चार-पाच बटणं लिहून घ्यायची आहेत.

पहिल्या दिवशी आमच्यातली प्रत्येक जण लॅपटॉपच्या पडद्यावरच बोट टेकवत होती. मोबाईलची सवय. तिथे काही होईना, कारण आमचा पडदा स्पर्शाचा नाही. लॅपटॉपवर बोट फिरवायचं ते बटणांच्या खाली जी गुळगुळीत चौकोनी पाटी असते, तिच्यावर. तिला टचपॅड म्हणतात. बोट पाटीवर फिरतं आणि पडद्यावर छोटा बाण फिरतो, तो कर्सर. म्हणजे इथे नजर पडद्यावर ठेवायची आणि हात खाली. शिवणयंत्रावर नजर सुईवर असते आणि पाय खाली चालतात, तसंच. दोन-तीन दिवसांत हात आपोआप वळतो.

आता हे नीट ऐका. टचपॅडला एक बोट आणि दोन बोटं यातला फरक कळतो. एका बोटाने कर्सर सरकतो, आणि एका बोटाची टिचकी मारली की मोबाईलवर दाबल्यासारखं होतं. पण पान वर-खाली सरकवायचं असेल तर मोबाईलसारखं एका बोटाने होत नाही. दोन बोटं शेजारी शेजारी टेकवायची आणि दोन्ही एकदम वर किंवा खाली न्यायची. आम्हाला हे माहीत नव्हतं, तोवर आम्ही पडद्याच्या उजव्या कडेची बारीक पट्टी पकडायला कर्सर घेऊन धावायचो आणि ती निसटायची. तुमच्या लॅपटॉपवर पान उलट्या दिशेने सरकत असेल तर घाबरू नका. Settings मध्ये Touchpad म्हणून पान आहे, तिथे दिशा बदलता येते.

दोन बोटांचं दुसरं काम टिचकीचं. मोबाईलवर आपण एखाद्या मेसेजवर बोट दाबून धरतो, मग पुसायचं, पुढे पाठवायचं वगैरे पर्याय येतात. लॅपटॉपवर दाबून धरल्याने ते येत नाहीत. कर्सर त्या वस्तूवर न्यायचा आणि दोन बोटांची एकदम हलकी टिचकी मारायची. लगेच पर्यायांची यादी उघडते. या एका टिचकीवर पुढचं बरंच काम अवलंबून आहे, तेव्हा आज रात्री एवढी तरी करून बघा.

टचपॅडच्या तीन गोष्टींनी आम्हाला घाबरवलं, त्याही सांगतो. एकदा काम करता करता सगळं गायब झालं आणि नुसतं चित्र उरलं. आम्हाला वाटलं फाईल गेली. झालं होतं एवढंच, की तीन बोटं टेकून खाली सरकली होती. तीन बोटं खाली ओढली की उघडलेल्या सगळ्या खिडक्या खाली बसतात. तीन बोटं परत वर ढकलली की त्या पुन्हा उभ्या राहतात. काही पुसलं जात नाही.

दुसरी गोष्ट, टाइप करताना अक्षरं भलत्याच ठिकाणी उमटायची. त्याचं कारण आमचा तळवा. अंगठ्याखालचा भाग टचपॅडला लागला की कर्सर उडी मारतो. मनगट जरा उचलून टाइप करायचं, आणि तरीही होत असेल तर त्याच Touchpad च्या पानावर संवेदनशीलता कमी करता येते. तिसरी गोष्ट, एके दिवशी टचपॅड पूर्ण मेला. दुरुस्तीला न्यायच्या तयारीत होतो. मग एका भाचीने दाखवलं की सगळ्यात वरच्या ओळीतल्या एका बटणावर टचपॅडचं छोटं चित्र असतं. ते चुकून दाबलं गेलं होतं. काही लॅपटॉपवर ते नुसतं दाबायचं असतं, काहींवर Fn बटण धरून दाबायचं. आधी ते बघा, मगच दुकानात जा.

आता डाव्या हाताकडे येऊ. किबोर्डच्या डाव्या कडेला अगदी खाली Ctrl अशी अक्षरं असलेलं बटण आहे, ते कंट्रोल. काही लॅपटॉपवर कोपऱ्यात Fn असतं आणि त्याच्या शेजारी Ctrl, तेव्हा वाचून घ्या. त्याच्या वर Shift, म्हणजे शिफ्ट. ही बटणं एकटी दाबली तर काही होत नाही. ती डाव्या हाताने दाबून धरायची आणि दुसऱ्या बोटाने दुसरं बटण एकदाच टक्कन दाबायचं, मग दोन्ही सोडायची. आमच्या एक अक्का दोन्ही बटणं एकाच वेळी दाबायच्या आणि बराच वेळ धरून ठेवायच्या. मग एकाऐवजी दहादा तेच व्हायचं. उखळात मुसळ पडतं तसं एकदा टक्कन, एवढंच.

आणि एक नियम. लॅपटॉपला आधी सांगावं लागतं कुणावर काम करायचं, आणि मग सांगायचं काय करायचं. म्हणजे आधी निवड, मग हुकूम. निवडलेला भाग वेगळ्या रंगाचा दिसतो. तो रंग बघितल्याशिवाय बटण दाबायचं नाही. आमच्या जेवढ्या चुका झाल्या, त्यातल्या निम्म्या रंग न बघता दाबल्यामुळे झाल्या.

आता आमचं खरं काम सांगतो, म्हणजे ही बटणं कुठे लागतात ते कळेल. आमच्या एका गटात बारा जणी आहेत. दर महिन्याची बचत दोनशे रुपये. एक्सेलमध्ये प्रत्येक महिन्याचं वेगळं शीट आहे. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात तारीख, तिसऱ्यात बचत, मग कर्जफेड, व्याज आणि खाली बेरीज. पूर्वी आम्ही दर महिन्याला कोरं शीट घेऊन बारा नावं, सगळे मथळे, सगळं पुन्हा टाइप करायचो. दीड-दोन तास जायचे. आणि कधी एखाद्या नावात काना चुकायचा, तर पुढे तीच बाई दोन नावांनी दिसायची.

आता काय करतो? शीटच्या तळाशी छोट्या कप्प्यांवर महिन्यांची नावं असतात. मागच्या महिन्याच्या कप्प्यावर कर्सर नेतो आणि दोन बोटांची टिचकी मारतो. यादी उघडते. त्यात Move or Copy असं असतं, ते निवडतो. एक चौकट येते. तिच्यात नवं शीट कुठे ठेवायचं ते विचारतात, आम्ही सगळ्यात शेवटी ठेवतो. आणि खाली Create a copy समोर छोटा रिकामा चौकोन असतो, त्यावर टिचकी मारून खूण करतो. मग OK. मागच्या महिन्याचं हुबेहूब शीट तयार होतं, नावं, रकान्यांची रुंदी, बेरजेचं सूत्र, सगळ्यासकट. मग त्या नव्या कप्प्यावर पटापट दोन टिचक्या मारल्या की त्याचं नाव बदलता येतं.

इथे दोन गोष्टी जपायच्या. खूण करायची विसरलात तर नक्कल होत नाही, मूळ शीटच जागा बदलतं. वाटतं झालं, पण मागचा महिना आपण आता खोडायला बसणार असतो. म्हणून आधी तळाशी बघायचं, जुना आणि नवा असे दोन्ही कप्पे दिसतायत ना. आणि दुसरं, त्याच यादीत Delete सुद्धा आहे. एक्सेलमध्ये अख्खं शीट पुसलं तर ते मागे आणता येत नाही. बाकी बहुतेक चुका परत फिरवता येतात, ही येत नाही. तेव्हा ती यादी उघडल्यावर घाई करायची नाही.

नव्या शीटवर मागच्या महिन्याचे आकडे तसेच असतात, ते काढायचे. पहिल्या बाईच्या बचतीच्या चौकटीवर टिचकी मारायची. आता टचपॅडवर बोट ओढत खाली जाऊ नका, मध्येच पाटी संपते आणि निवड विस्कटते. त्याऐवजी डाव्या हाताने शिफ्ट धरायचं आणि उजव्या हाताने खालच्या बाणाचं बटण अकरा वेळा दाबायचं. पहिली चौकट आधीच निवडलेली असते, म्हणून बारा जणींसाठी अकरा वेळा. जास्त दाबलं गेलं तर शिफ्ट न सोडता वरचा बाण दाबायचा, निवड एकेक चौकटीने मागे येते. मग पडद्याच्या तळाच्या पट्टीत बघायचं. तिथे Count पुढे १२ दिसलं पाहिजे. १३ दिसलं तर बेरजेची चौकटही आत आलीय, आणि पुसलं तर सूत्र जाईल. म्हणजे शिफ्टने निवडायचं आणि तळाशी मोजून घ्यायचं. मगच Delete चं बटण. हे Delete फक्त चौकटीतले आकडे पुसतं, शीट नाही.

तारखेसाठी पहिल्या चौकटीत जायचं आणि कंट्रोल धरून अर्धविरामाचं बटण दाबायचं, म्हणजे ; हे चिन्ह असलेलं. किबोर्ड इंग्रजीवर असू द्या. लगेच आजची तारीख येते. एंटर दाबायचं. पण ही तारीख लॅपटॉपच्या घड्याळातली आजची असते, बैठकीची नव्हे. बैठक पाच तारखेला झाली आणि तुम्ही नोंद आठला करताय, तर आठच येईल. तेव्हा पाच हातानेच टाइप करायची.

मग ती तारीख बाराही जणींसमोर हवी. पहिली चौकट, जिच्यात तारीख आहे, तिच्यावर परत जायचं. शिफ्ट आणि खालचा बाण, अकरा वेळा. मग कंट्रोल धरून D. वरची तारीख खाली सगळीकडे उतरते. इथे आम्ही फसलो होतो. आधी आम्ही चौकटीचा कोपरा पकडून खाली ओढायचो. एक्सेलला वाटायचं आम्हाला पुढच्या तारखा हव्यात, मग पाच, सहा, सात असं सोळापर्यंत जायचं. बारा जणींची बैठक बारा दिवस. कंट्रोल आणि D ने तसं होत नाही, वरचं जसंच्या तसं उतरतं. फक्त वरची भरलेली चौकट निवडीत असली पाहिजे. ती सुटली आणि निवडीतली पहिली चौकट रिकामी असेल, तर रिकामंच खाली उतरतं.

आता मैत्रिणींनो, ज्यासाठी आज मुद्दाम बोलायला बसलो, तो भाग.

कंट्रोल आणि D सापडल्यावर आम्हाला फार आनंद झाला होता. त्या महिन्यात बचतीच्या रकान्यातही तेच केलं. वर दोनशे लिहिलं, निवडलं, कंट्रोल आणि D, झाले बारा जणींचे दोनशे. खाली बेरीज आली २,४०० रुपये. पेटीतली रोकड मोजली, तीही २,४००. जुळलं म्हणून लॅपटॉप मिटला.

दोन महिन्यांनी गटातल्या एका काकूंना कर्ज हवं होतं. नातीच्या कॉलेजची फी भरायची होती. आमच्या गटाचा नियम आहे, जमा बचतीच्या तिप्पट कर्ज. शीटवरून आकडा वाचला तर काकू म्हणाल्या, "हे चुकतंय. माझे दोनशे कमी लावलेत. आधीच्या महिन्यात राहिले होते, ते मी एकदम चारशे भरले होते." दोनशे कमी म्हणजे कर्जात सहाशेचा फरक. काकूंच्या पासबुकात हाताने लिहिलेले चारशे होते. पण पेटीची रोकड तर तेव्हा बरोबर जुळली होती. मग एकीने विचारलं, चारशे खरे असतील तर पैसे जास्त कसे आले नाहीत? बैठकीत एकदम शांतता. कुणी बोललं नाही, पण कुणीतरी काहीतरी लपवतंय असं प्रत्येकीच्या मनात आलं असणार. पैशाच्या गटात असा एक क्षण फार वाईट असतो.

मग कोपऱ्यात बसलेल्या एक वहिनी म्हणाल्या, "त्या महिन्यात मी माहेरी होते, आई आजारी होती. मी पैसेच दिले नव्हते." तेव्हा उलगडा झाला. वहिनींचे शून्य आणि काकूंचे चारशे. आम्ही दोघींनाही दोनशे लावले होते. एकीचे दोनशे कमी, एकीचे जास्त, आणि बेरीज तीच. पेटी जुळली म्हणून आम्ही खूश होतो, आणि चूक त्या जुळण्याच्या आतच बसली होती. हाताने लिहित होतो तेव्हा प्रत्येक नावापाशी हात थांबायचा, पावतीकडे नजर जायची. एका बटणाने बारा जणी एकदम भरल्या आणि नजर कुठेच थांबली नाही.

आम्ही त्याच बैठकीत दोन्ही नोंदी सगळ्यांसमोर दुरुस्त केल्या, वहीत तसं लिहून सह्या घेतल्या आणि काकूंना पूर्ण कर्ज मिळालं. वहिनी खरं बोलल्या म्हणून ते तिथल्या तिथे मिटलं. त्या गप्प बसल्या असत्या तर?

त्या दिवसापासून आम्ही एक ठरवलं. जे सगळ्या जणींचं खरोखर सारखं असतं, तिथेच कंट्रोल आणि D. तारीख सारखी असते, बैठकीचा क्रमांक सारखा असतो. पैसे सारखे नसतात, असलेच तर योगायोगाने. म्हणून बचतीचा रकाना रिकामा ठेवतो. एक जण पावतीवरून नाव आणि रक्कम वाचते, दुसरी आकडा टाइप करून एंटर दाबते. एंटर दाबलं की कर्सर आपोआप खालच्या चौकटीत जातो, टचपॅडला हात लावायची गरज नाही. बारा आकड्यांना दोन मिनिटंही लागत नाहीत. जी आली नाही, तिच्यासमोर शून्य टाइप करतो, चौकट रिकामी सोडत नाही. रिकामी चौकट म्हणजे पैसे दिले नाहीत की लिहायचं राहिलं, हे नंतर कळत नाही. शून्य असलं की Count मध्येही तिची मोजणी होते आणि १२ चा ताळा लागतो.

तपासणीसाठी आणखी एक जोडी आहे. बैठकीतल्या वहीच्या पानाचा मोबाईलवर फोटो काढतो आणि तो लॅपटॉपवर उघडून ठेवतो. मोबाईलवर एका ॲपमधून दुसऱ्यात जातो तसं इथे Alt बटण धरायचं आणि Tab एकदा दाबायचं. फोटो समोर येतो. पुन्हा तेच केलं की एक्सेल परत येतं. एक नाव फोटोत बघायचं, ऑल्ट आणि टॅब, तेच नाव शीटवर बघायचं. ऑल्ट धरून ठेवलं तर उघडलेल्या सगळ्या खिडक्या छोट्या दिसतात, आणि टॅब दाबत पुढे पुढे जाता येतं. हवी तिथे ऑल्ट सोडायचं. सह्या असलेली वही हाच आमचा मूळ हिशोब आहे, लॅपटॉपवरचा तिची नक्कल. दोन्हीत फरक निघाला तर आधी वहीच बघतो.

शेवटी घाबरण्याबद्दल. एका संध्याकाळी गटातली एक सून बसली होती. तिला एक आकडा पुसायचा होता. डाव्या हाताचं बोट कंट्रोलवर राहिलं आणि A दाबलं गेलं. कंट्रोल आणि A म्हणजे सगळंच निवडणं. तिने रंग बघितला नाही, Delete दाबलं. सगळा तक्ता रिकामा. आणि आम्ही तिला शिकवलं होतं की दर थोड्या वेळाने कंट्रोल आणि S दाबायचं. तर घाबरून तिने तेही दाबलं. म्हणजे रिकामी फाईल जतन झाली. बिचारी रडायला लागली, लॅपटॉप बंदच करणार होती. आम्ही तिचा हात धरला.

कंट्रोल आणि Z. एकदा दाबलं की शेवटचं एक काम मागे फिरतं. तक्ता जसाच्या तसा परत आला. जतन केल्यावरसुद्धा ते चालतं, फक्त फाईल उघडी असली पाहिजे. फाईल एकदा बंद केली की मागे जायची वाट संपते. म्हणून आमच्याकडे आता हा नियमच आहे. काही भलतं झालं की हात वर उचलायचे. काही बंद करायचं नाही. मग कंट्रोल आणि Z, एकेकदा, आणि प्रत्येक वेळी पडद्याकडे बघत. जरा जास्त मागे गेलं तर कंट्रोल आणि Y ने पुढे येता येतं.

आणि समजा सुधारायला काही सुचलंच नाही आणि फाईल बंद करायला गेलात, तर लॅपटॉप विचारतो, बदल जतन करायचे का. तिथे Save, Don't Save आणि Cancel असे पर्याय असतात. बिघाड झाल्यानंतर एकदाही कंट्रोल आणि S दाबलं नसेल, तर Don't Save म्हणा. शेवटचं जतन केलेलं होतं तसं पुन्हा मिळेल. मधलं थोडं काम जाईल, पण महिना वाचेल. काही समजत नसेल तर Cancel म्हणून फाईल उघडीच ठेवा आणि कुणाला तरी बोलवा.

कंट्रोल आणि S बद्दल एवढंच, की मोबाईलवर बरंच काही आपोआप साठतं. फाईल लॅपटॉपमध्येच ठेवलेली असेल तर तसं धरून चालू नका. आमच्याकडे वीज गेली आणि बॅटरी आधीच उतरलेली होती, तेव्हा अर्ध्या तासाचं काम गेलंय. एका रकान्याचं काम संपलं, पडदा नीट बघितला, सगळं जागेवर आहे, मग कंट्रोल आणि S. बघायचं आधी, जतन नंतर.

आमच्या लॅपटॉपच्या झाकणाच्या आत कागदाची एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. ती वाचून दाखवतो, लिहून घ्या. दोन बोटं सरकवा, पान सरकेल. दोन बोटांची टिचकी, यादी उघडेल. शिफ्ट आणि खालचा बाण, निवडायला. कंट्रोल आणि D, वरचं खाली उतरवायला. ऑल्ट आणि टॅब, दुसऱ्या खिडकीत जायला. कंट्रोल आणि S, जतन करायला. कंट्रोल आणि Z, मागे फिरायला. आणि चिठ्ठीच्या तळाशी त्या काकूंनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिलीय. "पैशाच्या रकान्यात D नाही."

सराव करायचा असेल तर गटाच्या खऱ्या फाईलवर करू नका. कोरी फाईल उघडा, बारा भाज्यांची नावं लिहा, समोर भाव लिहा. मग निवडा, उतरवा, पुसा, मागे फिरवा. सगळं बिघडलं तरी वांग्याच्या भावाचंच नुकसान. आठवडाभर रोज थोडा वेळ बसलात की पुढच्या बैठकीचं शीट तुम्ही स्वतः कराल. त्यात कुठे अडलात तर केंद्रावर निरोप ठेवा, पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करू. नमस्कार.